मोटार किती तापली? तांब्यालाच विचारा

(या भागाचं लेखी रूप. बोलणं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय आणि आकडे नीट मांडलेत. हिशेब करून बघायचा असेल तर ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जाईल.)

आजचा विषय मोटारीचा आहे. गाडीची नाही, विहिरीवरची.

मोरगाव म्हटलं की लोकांना मयूरेश्वर आठवतो, अष्टविनायकातला पहिला गणपती. पण मंदिराच्या मागे कऱ्हेच्या काठाने चालत गेलात तर दुसरंच मोरगाव दिसतं. विहिरी, विहिरीच्या काठावर पत्र्याची पेटी, पेटीत स्टार्टर, आणि शेजारी मोनोब्लॉक पंप. बारामती तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस आणि नीरेचा कालवा दिसतो. तो तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग. मोरगावचा पट्टा जिरायती. इथं पाणी विहिरीचं, तेही बेताचं, आणि ते उपसायला लाईट ठरलेल्या तासांचीच. त्या तासांत मोटार जळली तर पीक वाट बघत बसत नाही. मोटार भरायला टाकायची, वाइंडिंगचे पैसे द्यायचे, आणि चार दिवस दारं धरायचं बंद.

मोटार जळली की कारण सगळ्यांना माहीत असतं, "गरम झाली." पण किती गरम झाली? आणि किती गरम होणं चालतं? इथं सगळे गप्प. बहुतेक जण मोटारीच्या बॉडीला हात लावून सांगतात. आज आपण बघणार आहोत की आतल्या तांब्याच्या तारेचं तापमान मोटार न उघडता, आत कुठलाही सेन्सर न घालता कसं काढायचं. साधा मल्टिमीटर, फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी आणि थोडं गणित, एवढ्यावर काम होतं.

हात का फसवतो

आधी हाताचं बघू. साठ अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडावर हात ठेवला की आपण लगेच काढतो. पण साठ काय आणि ऐंशी काय, हाताला दोन्ही "चटका"च वाटतात. म्हणजे जिथे खरा प्रश्न सुरू होतो, तिथे हाताचं मोजमाप संपलेलं असतं.

दुसरी गोष्ट, हात लागतो तो बॉडीला. उष्णता तयार होते ती मुख्यतः आत, खाचांमध्ये बसवलेल्या तारांत. ती तारेच्या इनॅमलमधून, खाचेतल्या कागदातून, लोखंडी पत्र्यांतून बाहेर येते आणि मग पंख्याच्या वाऱ्यावर जाते. या वाटेत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडू शकतो. आजकाल काही जणांकडे लेझरवाली थर्मामीटर बंदूक असते. तीही बॉडीचंच तापमान सांगते. जळते ती बॉडी नाही, तारेवरचं इन्सुलेशन जळतं. म्हणून आपल्याला तारेचं तापमान पाहिजे.

तांबं स्वतःच थर्मामीटर आहे

तांब्याची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. शाळेच्या पुस्तकात याला रोध म्हणतात. कारण असं की विजेचा प्रवाह म्हणजे तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन, आणि धातू तापला की त्याचे अणू आपापल्या जागी जास्त जोरात थरथरतात. इलेक्ट्रॉन त्या थरथरीत जास्त अडखळतात. बाजारात गर्दी स्थिर उभी असेल तर वाट काढता येते, सगळे हलायला लागले की धक्के बसतात. तसंच.

आपल्या कामाची गोष्ट ही की ही वाढ फार शिस्तीची आहे. वीस अंश सेल्सिअसला तांब्याचा रेझिस्टन्स जितका असेल, त्याच्या ०.३९३ टक्के वाढ दर अंशाला होते. या आकड्याला तापमान गुणांक म्हणतात. लक्षात ठेवायला सोपं रूप असं की दहा अंशांना साधारण चार टक्के. मोटारीत जी तापमानं येतात, त्या पट्ट्यात ही वाढ जवळजवळ सरळ रेषेत होते.

इथं एक खाच आहे. हा ०.३९३ टक्क्यांचा आकडा वीस अंशांच्या रेझिस्टन्सवर काढलेला आहे. तुम्ही सकाळी सव्वीस अंशांना रेझिस्टन्स मोजला आणि त्यावर हाच गुणांक लावला, तर उत्तर थोडं चुकतं. सव्वीस अंशांसाठी गुणांक ०.३८३ टक्के होतो. दर वेळी नवा गुणांक कुठून आणायचा? म्हणून कारागिरांनी आणि इंजिनिअरांनी एक सोपी युक्ती केली.

ती सरळ रेषा थंडीच्या दिशेने मागे मागे ओढत नेली, तर उणे २३५ अंशांच्या जवळ ती शून्याला पोचते. नेमका आकडा उणे २३४.५, पण मोटारीच्या मानकात २३५ धरतात आणि आपणही तेच धरू. खरं तांबं उणे २३५ला शून्य रेझिस्टन्सचं होत नाही, तिथपर्यंत रेषा वाकलेली असते. पण आपल्याला तिथं जायचंच नाही. आपण फक्त मोजायची सुरुवात तिथून करायची. तापमान शून्यापासून न मोजता उणे २३५पासून मोजलं की रेझिस्टन्स आणि तापमान एकाच पटीत वाढतात. मग सूत्र असं बनतं:

गरम तापमान = (गरम रेझिस्टन्स ÷ गार रेझिस्टन्स) × (२३५ + गार तापमान) − २३५

बस, एवढंच. यात गुणांक दिसत नाही, कारण तो २३५च्या पोटात आहे. एक भागिले २५५ करून बघा, ०.००३९२ येतं. २५५ म्हणजे २३५ अधिक वीस.

हे तांब्यासाठी झालं. स्वस्तातल्या काही मोटारींत अॅल्युमिनियमची तार असते. तिथं २३५च्या जागी २२५ घालायचं. मोटार भरून आणली असेल तर तार कुठली घातली ते भरणाऱ्याला विचारून ठेवा.

काय काय लागतं

आता उदाहरण घेऊ. कऱ्हेकाठच्या एका विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक आहे, साध्या डायरेक्ट स्टार्टरवर. पाटीवर ७.५ अँपिअर आणि इन्सुलेशन क्लास 'बी' लिहिलंय. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण अशा मोटारीला शोभतील असेच आहेत.

अशा मोटारीच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स तीन ओहमच्या आसपास येतो. तुम्ही म्हणाल, मग मल्टिमीटर ओहमवर लावला की झालं. नाही होत. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स दोन-तीन दशांश ओहम असतो, आणि पडद्यावर शेवटचा आकडा दशांशाचा असतो. आता बघा, तीन ओहममध्ये एक दशांश इकडे-तिकडे म्हणजे साडेतीन टक्के. आणि दहा अंशांना चार टक्के हे आपण आत्ताच बोललो. म्हणजे मीटरचा शेवटचा एक आकडा हलला की तुमचं उत्तर नऊ अंशांनी हलतं. अशा मोजणीवर काही ठरवता येणार नाही.

म्हणून ओहम मोजायचेच नाहीत. व्होल्ट मोजायचे. बॅटरीच्या प्लसला पाच वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब जोडा, गाडीच्या पार्किंग लाईटला असतो तसला. बल्बच्या पुढे एक ओहम, पाच वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. त्याच्या पुढे मोटारीचं एक टोक, आणि मोटारीच्या दुसऱ्या टोकावरून परत बॅटरीच्या मायनसला. आता एकच प्रवाह सगळ्यांतून जातोय, साधारण ०.४ अँपिअर. बल्ब तो प्रवाह आवरून धरतो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, दोन व्होल्टच्या रेंजवर. आधी त्या एक ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेज घ्या, मग मोटारीच्या टोकांवर घ्या. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की मोटारीचा रेझिस्टन्स ओहममध्ये मिळाला. मीटरच्या टोच्या थेट टर्मिनलच्या बोल्टवर टेकवायच्या, चिमट्यावर नाही. म्हणजे चिमट्याचा सैलपणा, वायरचा रेझिस्टन्स, काहीच मोजणीत शिरत नाही.

यातली गंमत अशी की तो रेझिस्टर बरोब्बर एक ओहमचा नसला तरी फारसं बिघडत नाही. आपल्याला शेवटी गरम आणि गार यांचं गुणोत्तरच पाहिजे. दोन्ही वेळा तोच रेझिस्टर, तोच मीटर वापरला की त्यांच्या चुका बहुतेक कटून जातात. म्हणून एक नियम पाळा, सकाळी जे सामान वापरलं तेच दुपारी वापरायचं.

आधी जिवाचं

इथं थांबतो, कारण पुढचं काम स्टार्टरच्या पेटीत आहे. आपल्याकडे बहुतेक स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. तुम्ही टर्मिनलला हात लावलाय आणि तेवढ्यात लाईट आली, तर पुढचं सांगायला नको. म्हणून आधी ऑटो बंद. मग मेन स्विच खाली. मग फ्यूज काढून खिशात. दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या खिशात. मोटारीला कपॅसिटर लावलेला असेल तर तो लाईट गेल्यावरही चार्ज धरून ठेवतो, त्याच्या वायरी टेस्ट सुरू करायच्या आधीच वायरमनकडून सोडवून घ्या. टेस्टर लावून तिन्ही टोकं मेलीत याची खात्री करा आणि मगच हात घाला. हे काम वायरमन सोबत असतानाच करायचं, एकट्याने नाही.

एक छोटी गोष्ट आणखी. वाइंडिंगमधून डीसी जात असताना जोडणी अचानक तोडली तर मोठा झटका उसळतो. म्हणून आधी मीटरच्या टोच्या काढा, मग बॅटरीची वायर, आणि उघड्या टोकाला बोट लावू नका.

गार मोजणी

गार मोजणी पहाटे घ्यायची, मोटार रात्रभर बंद असताना. रात्रपाळीची लाईट असेल आणि मोटार पहाटे चारपर्यंत चालली असेल, तर त्या सकाळची मोजणी उपयोगाची नाही. बाहेरून गार लागली तरी आत तांबं कोमट असतं. तारेचं तापमान हवेच्या तापमानाएवढं झालंय याची खात्री पाहिजे, कारण गार तापमान म्हणून आपण हवेचंच तापमान लिहिणार आहोत. उन्हं पत्र्यावर यायच्या आत काम उरका.

आपल्या उदाहरणात सकाळी हवा २६ अंश. रेझिस्टरवर मिळाले ०.४०० व्होल्ट, मोटारीच्या टोकांवर १.१७६ व्होल्ट. भागाकार केला, २.९४ ओहम.

पण आपण टोच्या लावल्या स्टार्टरमध्ये, मोटारीवर नाही. मधे पंधरा मीटर केबल आहे. जाऊन-येऊन तीस मीटर. चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलचा एवढ्या लांबीला साधारण ०.१४ ओहम होतो. तो वजा करायचा. राहिले २.८० ओहम. हा मोटारीचा गार रेझिस्टन्स.

हा आकडा आणि सोबत २६ अंश, दोन्ही पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा. मोटार पुन्हा भरली जात नाही तोवर हा आकडा बदलत नाही. दर वेळी पहाटे उठायची गरज नाही.

गरम मोजणी

मोटार एकदम शेवटच्या तापमानाला पोचत नाही. पाच एचपीच्या मोटारीला दोन-तीन तास सलग चालावं लागतं. बॉडीचं तापमान अर्ध्या तासात एका अंशापेक्षा कमी बदलायला लागलं की समजायचं, आता स्थिरावली. त्या वेळी हवेचं तापमानही लिहून घ्या. थर्मामीटर मोटारीपासून एक-दोन मीटर लांब, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात नाही.

आता खरी घाई. मोटार बंद केली की तांबं लगेच गार व्हायला लागतं. भारतीय मानक आयएस १५९९९ मध्ये, जे आंतरराष्ट्रीय मानकावरूनच घेतलंय, पन्नास किलोवॅटपर्यंतच्या मोटारीची पहिली मोजणी बंद केल्यापासून तीस सेकंदांत घ्यायला सांगितलंय. लॅबमध्ये ते जमतं. विहिरीवर मेन पाडून, फ्यूज काढून, टेस्टर लावून तीस सेकंदांत काही होत नाही. आणि घाईत सुरक्षेची एकही पायरी गाळायची नाही.

मग काय करायचं? एकाऐवजी दोन-तीन मोजण्या घ्यायच्या आणि मागे जायचं. मोबाईलवर स्टॉपवॉच मोटार बंद करतानाच चालू करा. आपल्या उदाहरणात एका मिनिटाला रेझिस्टरवर ०.३९४ आणि मोटारीवर १.४४२ व्होल्ट मिळाले. भागाकार ३.६६, केबलचे ०.१४ वजा, ३.५२ ओहम. दोन मिनिटांना तसंच करून ३.४८ ओहम. एका मिनिटात ०.०४ ओहमने उतरला. म्हणजे बंद केल्याच्या क्षणी तो साधारण ३.५६ असणार. हा आपला गरम रेझिस्टन्स. तिसरी मोजणी तीन मिनिटांना घेतली तर उतार बरोबर धरला की नाही तेही कळतं. तुमची पहिली मोजणी दीड-दोन मिनिटांना झाली तरी हरकत नाही, फक्त वेळ अचूक लिहा.

आता सूत्रात घालू. ३.५६ भागिले २.८०, १.२७१. गुणिले २६१, कारण २३५ अधिक २६. आले ३३१.८. त्यातून २३५ गेले, राहिले ९६.८. म्हणजे तांबं ९७ अंशांवर होतं. हवा होती ३८ अंश. फरक ५९ अंश. या फरकालाच तापमानवाढ म्हणतात, आणि मोटारीची तब्येत याच आकड्यावर ठरते.

५९ म्हणजे बरं की वाईट?

पाटीवरचा क्लास इथं कामाला येतो. क्लास 'बी'चं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंतचं. क्लास 'एफ'चं १५५पर्यंतचं. पण याचा अर्थ आपल्या हिशेबात १३० आलं तरी चालेल असा नाही. आपण काढलं ते सगळ्या तारेचं सरासरी तापमान. खाचेच्या खोल पोटात, जिथं वारा पोचत नाही, तिथं एखादी जागा सरासरीपेक्षा जास्त तापलेली असते. जळण्याची सुरुवात त्याच जागी होते. म्हणून हिशेब असा मांडलेला आहे. हवा ४० अंश धरली, त्यात सरासरी वाढ ८० अंश, आणि त्या गरम जागेसाठी १० अंश राखून ठेवले. बेरीज १३०. तसंच 'एफ'साठी ४० अधिक १०५ अधिक १०, बेरीज १५५.

म्हणजे या पद्धतीने मोजलं तर 'बी'ची मर्यादा ८० अंशांची वाढ, 'एफ'ची १०५ची. आपल्या मोटारीची वाढ ५९. मोटार आरामात आहे. ती हाताला चटका देत असेल, तरीही आरामात आहे.

आता तीच मोटार दुसऱ्या दिवशी. डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू आहेत, व्होल्टेज ४१५च्या जागी ३४०. पंपाला तेवढंच पाणी उचलायचंय, म्हणून मोटार कमी व्होल्टेजची भरपाई जास्त अँपिअर ओढून करते. ७.५च्या जागी नऊच्या पुढे. तारेत तयार होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे वीस टक्के जास्त अँपिअरला चव्वेचाळीस टक्के जास्त उष्णता. त्यात तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, आणि रेझिस्टन्स वाढला की उष्णता आणखी वाढते.

समजा या दिवशी मागे जाऊन काढलेला गरम रेझिस्टन्स ३.८२ आला. ३.८२ भागिले २.८०, १.३६४. गुणिले २६१, ३५६.१. वजा २३५, १२१ अंश. हवा ३८. वाढ ८३.

मर्यादा ८०, आपण ८३वर. आणि त्या गरम जागेचे दहा धरले तर तिथं १३१च्या आसपास. बॉडीला हात लावून कालचा आणि आजचा फरक कुणालाच कळला नसता. दोन्ही दिवशी चटकाच. पण तांब्याने फरक सांगितला.

आजच मोटार जळेल का? नाही. इन्सुलेशन एका क्षणात मरत नाही, ते हळूहळू ठिसूळ होतं. मोटारवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दहा अंश जास्त तापमानाला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. पहिल्या दिवशी तांबं ९७ वर होतं, दुसऱ्या दिवशी १२१ वर. चोवीस अंशांचा फरक म्हणजे निम्म्याचं निम्मं, आणि त्याहून थोडं कमी. म्हणजे असा एक दिवस त्या मोटारीला पहिल्यासारख्या पाच दिवसांएवढा पडतो.

रिले ट्रिप होत होता तेव्हा तो खरंच बोलत होता

आता या हिशेबाचा खरा उपयोग. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. त्यावर छोटी चकती असते, अँपिअरचे आकडे लिहिलेली. पाटीवर ७.५ असेल तर चकतीही ७.५वर पाहिजे. व्होल्टेज उतरलं, मोटार नऊ अँपिअर ओढायला लागली की रिले काही वेळाने ट्रिप होतो. रात्री दोनची लाईट, माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, परत चालू करतो, तासाभराने परत ट्रिप. तिसऱ्या वेळी तो चकती फिरवून दहावर करतो. मग रिले गप्प. आणि सगळे म्हणतात, रिले खराब होता.

आपल्या दुसऱ्या दिवसाचा हिशेब बघा. रिले खराब नव्हता. तो ज्या वेळी मोटार बंद करत होता, त्या वेळी आतलं तांबं मर्यादा ओलांडायच्या वाटेवर होतं. चकती दहावर नेली की मोटार वाचवणारा शेवटचा गडी आपणच झोपवला. म्हणून चकतीला हात लावायच्या आधी एकदा ही मोजणी करा. वाढ मर्यादेच्या आत भरली, अँपिअर पाटीएवढेच आले आणि तरीही रिले पडतोय, तर रिले बदला. वाढ मर्यादेच्या पलीकडे असेल तर मोटारीवरचा बोजा कमी करा.

कसा? मोटार चालू असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. ते सगळ्यांच्या मोटारी एकदम चालल्याने पडत असेल तर डीपीवरच्यांनी पाळ्या लावून घेणं हा एक उपाय. दुसरी गोष्ट पंपाची. विहीर भरलेली असताना पाणी कमी उंचीवर चढवायचं असतं, तेव्हा सेंट्रिफ्युगल पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटारीवर जास्त बोजा टाकतो. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून अँपिअर पाटीवर आणता येतात. पावसाळ्यात भरल्या विहिरीवर मोटारी जळतात त्यामागे हेही एक कारण असतं.

हे कुठं चालत नाही

पहिलं, सबमर्सिबल. बोअरमध्ये शंभर मीटर केबल असेल तर जाऊन-येऊन दोनशे मीटर, चार स्क्वेअर एमएमला ०.९ ओहमच्या पुढे. ती वजा करायला विसरलात, तर आपल्या पहिल्या उदाहरणातले ९७ अंश ७९ दिसतील. मोटार तापलेली आणि कागदावर गार. शिवाय पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलमध्ये प्लास्टिकचं वेष्टन असलेली तार असते. ते वेष्टन साध्या पीव्हीसीचं असेल तर सत्तर अंशांच्या आसपासच त्याची हद्द येते. तिथं 'बी' आणि 'एफ'चे आकडे लावू नका.

दुसरं, ही सरासरी आहे. एक फेज गेला आणि मोटार दोनवर घुरघुरत राहिली, तर तिन्ही वाइंडिंग सारखी तापत नाहीत, आणि सरासरी त्यातली वाईट जागा झाकते. म्हणून मोजणी तिन्ही जोड्यांवर घ्यायची, पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. गार असताना तिन्ही सारख्या आणि गरम झाल्यावर एक वेगळी पडली, तर फेजमधल्या फरकाकडे बघा. गार असतानाच वेगळी असेल, तर वाइंडिंगमध्येच दोष आहे.

तिसरं, उत्तर विचित्र आलं तर आधी मोजणीवर संशय घ्या. गरम तापमान हवेपेक्षा कमी आलं, किंवा दोनशेच्या वर आलं आणि जळका वास नाही, तर बहुतेक एखादा बोल्ट सैल आहे, नाहीतर सकाळची मोजणी मोटार गार व्हायच्या आधी घेतलीय. मीटरचा आकडा डोलत असेल तर टोची नीट दाबा, आणि पंप पाण्याच्या उलट्या ओढीने फिरत तर नाही ना ते बघा. शाफ्ट थांबल्याशिवाय मोजायचं नाही.

तर मंडळी, पेटीच्या दारावर चार गोष्टी लिहायच्या. गार रेझिस्टन्स, त्या वेळचं तापमान, केबलचा रेझिस्टन्स आणि इन्सुलेशनचा क्लास. पुढच्या वेळी रिले पडला की गरम मोजणी घ्यायची, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एक भागाकार, एक गुणाकार, एक वजाबाकी. मग चकती फिरवायची की व्हॉल्व्ह, ते ठरवता येईल.

तुमच्या मोटारीचे आकडे काढलेत तर गार आणि गरम दोन्ही लिहून पाठवा, सोबत हवेचं तापमान विसरू नका. त्याच्याशिवाय वाढ काढता येत नाही. भेटू पुढच्या भागात.